एक 'दुसरा' आणि इंग्रजीतील चार शब्द

इंग्रजीच्या शब्दार्थांच्या वहीत आमचे विद्यार्थिबंधू 'अदर म्हणजे दुसरा' असे लिहितात. पुढे 'अनदर' आला की त्याच्यापुढेही 'दुसरा' असेच लिहितात. मग परीक्षेत 'अनदर बॉईज', 'अदर्स बॉईज', 'ॲन अनदर बुक' अशी वाक्ये उतरली म्हणजे त्यांच्या आळसास दोष दिला जातो. आमच्या मते दोष आळसाचा नसून त्या वहीचा आहे. मराठीत एकटा 'दुसरा' जी कामे करतो, ती इंग्रजीत चौघांत वाटलेली आहेत, आणि ही वाटणी अर्थावर नव्हे तर मोजणीवर झालेली आहे. म्हणून शब्दार्थ पाठ करण्यापूर्वी प्रथम वस्तू मोजावयास शिकवावे.

रोह्याचेच उदाहरण घ्या. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे आहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. नदीला तीर दोनच. एक सांगितला की राहिला तो ठरलेलाच. म्हणून येथे 'दि अदर बँक' असेच म्हटले पाहिजे. डोंगरावरील प्रवचनात दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा आहे, तेथेही इंग्रजी बायबलात 'दि अदर' आहे, कारण गालही दोनच. याउलट, 'कुंडलिका ही एक नदी, अंबा ही दुसरी' असे म्हणताना कोकणात नद्या पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणतीही एक घेतली, म्हणून ती 'अनदर रिव्हर'. या शब्दाच्या पोटातच 'ॲन', म्हणजे 'एक', आहे. यास्तव त्याच्यामागे आणखी 'ॲन' किंवा 'दि' लागत नाही, आणि पुढे 'बॉईज' असे अनेकवचनही येत नाही. 'अनदर टू डेज' हा अपवाद दिसतो खरा. पण तेथे दोन दिवस मिळून एकच मुदत मानलेली असते.

आता पेणच्या कारखान्यातील गणेशमूर्तीकडे पाहू. मूर्तीला हात चार. एका हाती पाश आहे: हा 'वन'. दुसऱ्या हाती अंकुश: तीन हात उरले होते, त्यांतला कोणताही एक घेतला, म्हणून 'अनदर'. तिसऱ्या हाती मोदक: येथेही दोन उरलेले असल्यामुळे 'अनदर' चालेल. चौथा हात वर देत आहे. आता एकच उरला, तोच 'दि अदर'. पाश सांगून झाल्यावर उरलेल्या तिन्ही हातांविषयी एकदम बोलावयाचे असेल, तर मात्र 'दि अदर्स'.

त्याच कारखान्यात काही मूर्ती शाडूच्या असतात, काही प्लास्टरच्या. 'सम आर ऑफ क्ले. अदर्स आर ऑफ प्लास्टर' असे म्हटले, तर कागदाच्या लगद्याच्या मूर्तींनाही जागा राहते. 'दि अदर्स' म्हटले की शाडूवाचून बाकीच्या झाडून साऱ्या प्लास्टरच्या ठरल्या, आणि लगद्याच्या मूर्ती वाक्यातून नाहीशा झाल्या! एका लहानशा 'दि'ने विधान खोटे होते, ते असे.

राहिला अंती लागणाऱ्या 'एस'चा प्रश्न. येथे मराठीच आपल्या मदतीस येते. 'इतर मुले', 'इतर मुलांनी' असे म्हणताना 'इतर' मुळीच बदलत नाही. पण नाम गळून तो एकटा उभा राहिला की 'इतरांनी' होतो. इंग्रजीचेही तसेच आहे: नाम पुढे असता 'अदर बॉईज', नाम नसता 'अदर्स'. ज्याला 'इतरां मुलांनी' कानाला खटकते, त्याला 'अदर्स बॉईज'ही खटकू लागेल.

इंग्रजीच्या तासाला मराठीचा वाराही लागू देऊ नये, असा एक पक्ष आहे. परंतु विद्यार्थ्याच्या मनातला 'दुसरा' वर्गाच्या दाराबाहेर थांबत नाही. तो नकळत आत येऊन बसतोच. त्यापेक्षा त्याला फळ्यावर बोलावून त्याची कामे वेगळी करून दाखवावी, हे बरे.

मोजणीनेही सुटत नाहीत अशी काही स्थळे आहेत. 'दुसऱ्या दिवशी' म्हणजे 'दि नेक्स्ट डे'. 'दि अदर डे' म्हणजे नुकतेच, चार-दोन दिवसांपूर्वी. आणि 'एव्हरी अदर डे' म्हणजे एक दिवसाआड. शिवाय अनुक्रमाने 'दुसरा' आला, तर तो 'सेकंड' होतो. एवढी स्थळे खुशाल पाठ करावी. बाकी सर्वत्र लेखणी टेकण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे: एकंदर किती होते, आणि आता किती उरले? त्यांची उत्तरे मिळाली की चौघांपैकी कोणाला बोलवावयाचे ते आपोआप ठरते.