पुराची क्लिप व्हायरल, पण सबटायटलमधला अनुस्वार गायब? मोबाईलवर मराठी अक्षरं का पुसट होतात

पावसाळ्यात भंडारदरा, निळवंडे धरणांतून पाणी सोडलं की संगमनेरमध्ये प्रवरेची पातळी वाढते आणि व्हिडिओ फिरू लागतात. अनेकजण ते आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणजे माहिती सबटायटलमधूनच मिळते.

समजा, त्यावर ओळ आहे : ‘प्रवरेला पूर, नदीकाठच्या गावांत पाणी’. यातला अनुस्वार दिसला नाही, तर ‘गावांत’चं ‘गावात’ होतं. अनेक गावांची बातमी एका गावाची होते.

साइज किती हवा?

उभा व्हिडिओ 1080 पिक्सेल रुंद असतो आणि मोबाईलचा स्क्रीन साधारण 7 सेंटीमीटर. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे 15 पिक्सेल. फॉन्ट साइज 40 ठेवला, तर अनुस्वाराचा ठिपका जेमतेम 5 पिक्सेलचा, म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. साइज 70 केला की तो 8 पिक्सेलच्या आसपास जातो. वरची ओळ तेव्हा एका रांगेत नीट मावेलच असं नाही. ती ‘पूर,’ नंतर तोडावी आणि दोन ओळींत जास्त अंतर ठेवावं, नाहीतर वरचा दीर्घ उकार खालच्या मात्रांना भिडतो.

आउटलाइन कुठे फसते?

पांढऱ्या अक्षराला काळी कड दिली की ते कुठल्याही दृश्यावर उठून दिसतं. पण काही अ‍ॅप्समध्ये ही कड निम्मी अक्षराच्या बाहेर आणि निम्मी आत जाते. 8 पिक्सेलची कड दिली, तर चारही बाजूंनी 4 पिक्सेल आत येतात आणि 8 पिक्सेलचा ठिपका पूर्ण काळा होतो. काही वेळा शिरोरेषेवरही अक्षरागणिक काळे काप दिसतात.

उपाय सोपा आहे. एकच मजकूर दोनदा ठेवायचा : खालच्या लेयरला कड, वरच्या लेयरला काहीच नाही. मग कड फक्त बाहेरच दिसते.

फॉन्ट कोणता?

बारीक-जाड रेषांचा, पुस्तकी वळणाचा फॉन्ट लहान स्क्रीनवर तुटतो. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांच्या रेषा बऱ्यापैकी एकसारख्या जाडीच्या आहेत आणि दोन्ही मोफत मिळतात. वजन मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्यावं. फार जाड बोल्डमध्ये ‘ठ’ आणि ‘ढ’ यांच्या पोटातली जागा बुजते.

अक्षरांचा रंग लाल नको. व्हिडिओ लहान करताना रंगाचा तपशील उजेडापेक्षा कमी जपला जातो, त्यामुळे लाल कडा पसरतात. पांढरं-काळं टिकतं.

तपासायचं कसं?

एडिटिंगच्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. क्लिप आधी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी, म्हणजे ती दाबली जाऊन येईल. मग हात लांब करून, ब्राइटनेस निम्मा ठेवून पाहावी. ‘गावांत’वरचा ठिपका तेव्हाही दिसला, तरच ती पुढे पाठवावी.