वणवा मोहाखालीच थांबवता येतो

फेब्रुवारीचा मध्य आला की राज्यात वनविभागाचा वणव्याचा हंगाम सुरू होतो आणि तो 15 जूनपर्यंत चालतो. या चार महिन्यांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट इथल्या पानझडी जंगलांत आगी लागतात. बातमी येते ती आग भडकल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. ती टाळण्याचे काम मात्र जानेवारी ते मार्चमध्ये करायचे असते, आणि ते बहुतांशी जमिनीवर पडलेल्या पानांचे काम आहे.

आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत सरकतो. परदेशातील चित्रफितींत दिसते तशी शेंड्यांवरून धावणारी आग इथे क्वचितच असते. इथे जळतो तो पालापाचोळा, वाळलेले गवत, काटक्या आणि लहान रोपे. ज्वाळा बऱ्याचदा गुडघ्या-कमरेपर्यंतच असतात. म्हणूनच ती झाडूने आणि हिरव्या डहाळ्यांनी विझवता येते, आणि जिथे पाने नाहीत अशा पट्ट्यापाशी ती थांबतेही. जाळरेषेमागची कल्पना एवढीच आहे.

वनखंडांच्या हद्दीवर आणि गावाच्या बाजूने साधारण 6 ते 12 मीटर रुंदीचा पट्टा साफ करतात, त्याला जाळरेषा म्हणतात. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत वाळू लागले की कापायचे, पट्ट्यातच पसरून सुकू द्यायचे आणि नंतर ताब्यात ठेवून जाळायचे. हे जाळणे पहाटे किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना आणि दोन्ही कडांना माणसे उभी करूनच होते. दुपारी, वाऱ्यात, दोन-तीन माणसांवर भागवलेली जाळरेषा स्वतःच वणव्याचे कारण होऊ शकते. रेषेतले वाळलेले ओंडके आणि पोकळ खुंट आधी बाजूला काढावे लागतात, कारण ते आतून दिवसभर धुमसत राहतात आणि रात्री वारा सुटला की त्यांतून ठिणगी उडते.

खरी अडचण पुढे येते. जानेवारीत जाळलेली रेषा फेब्रुवारीअखेर पुन्हा पानांनी भरते. साग हिवाळ्यापासूनच पाने टाकू लागतो, मोह आणि पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे कागदावर पूर्ण झालेली रेषा ऐन हंगामात प्रत्यक्षात पानांचा रस्ता झालेली असते आणि आग त्यावरून आरामात पलीकडे जाते. आपली रेषा जिवंत आहे की नाही, हे कुणालाही ओळखता येते. मार्चमध्ये रेषेवर उभे राहून खाली पाहावे. माती किंवा काळी राख दिसली तर रेषा आहे, पाने दिसली तर नाही. त्यामुळे रेषेला निदान दोनदा झाडू लागतो. एकदा होळीच्या आसपास, आणि दुसऱ्यांदा तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होण्याआधी. अनेक ठिकाणी वनकर्मचाऱ्यांकडे पाठीवर घेऊन चालण्याचे ब्लोअर असतात, ते यासाठी उत्तम. नसतील तर काटक्यांचे झाडूही पुरतात.

पण रेषा आग अडवते, लागू देत नाही असे नाही. गावाजवळच्या बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात, आणि पूर्व विदर्भात त्यातला मोठा वाटा मोहफुलांच्या वेचणीशी जोडलेला आहे. मोहाची फुले पहाटे गळतात. खाली वाळक्या पानांचा थर असला तर ती सापडत नाहीत, म्हणून झाडाखालची पाने पेटवून जमीन मोकळी करतात. पेटवणाऱ्याचा हेतू जंगल जाळण्याचा नसतो. पेटवून तो पुढच्या झाडाकडे जातो, वारा फिरतो आणि आग कडेच्या पानांत शिरते. तेंदूच्या बाबतीत कारण वेगळे आहे. जाळले की नवी पालवी चांगली येते, असा समज आहे. पण झुडपे जमिनीलगत छाटली तरी तशीच पालवी येते, आग लागत नाही.

मोहासाठीही पर्याय साधा आहे. झाडाच्या विस्ताराएवढे, म्हणजे सुमारे आठ मीटर त्रिज्येचे वर्तुळ झाडून काढायचे. हे दोनशे चौरस मीटर, म्हणजे साधारण दोन गुंठे झाले. झाडलेली पाने ढिगात पेटवायची नाहीत, खड्ड्यात टाकायची. जुन्या साड्या किंवा जाळी पसरली तर फुलांना माती लागत नाही आणि स्वच्छ फुलांना बाजारात दर बरा मिळतो. एकेका कुटुंबाकडे वेचणीसाठी दहा-पंधरा झाडे असली तर हे काम एका माणसाच्या आवाक्यातले आहे. पण त्यासाठी लागणारे काही दिवस नेमके मजुरी मिळू शकते अशा हंगामात येतात. पेटवायला काडी पुरते, झाडायला दिवस लागतो. हा हिशेब न मांडता नुसते ‘पेटवू नका’ असे फलक लावून काही साधत नाही.

शिवाय दरवर्षी खालून जळणाऱ्या मोहाखाली नवे रोप उभेच राहत नाही. आज वेचणीला येणारी झाडे म्हातारी होतील तेव्हा त्यांच्या जागी दुसरी नसतील. हा तोटा धुरात दिसत नाही, पण वेचणाऱ्याच्या नातवाला तो भोगावा लागेल. धुराचा त्रास मात्र लगेच दिसतो. पहाटेच्या थंड हवेत तो वर न जाता गावावरच थांबतो, आणि त्यातले सूक्ष्म कण दमेकरी, लहान मुले आणि वृद्धांच्या छातीत खोलवर जातात.

आता तिसरी गोष्ट, आग कळण्याची. इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा सपाट जमिनीवर, वारा नसताना पालापाचोळ्यातली आग दर मिनिटाला एक मीटर सगळीकडे सरकते. पंधरा मिनिटांनी तिची त्रिज्या 15 मीटर होईल आणि कडेची लांबी सुमारे 95 मीटर. चार-पाच माणसे डहाळ्या घेऊन ती विझवू शकतात. एका तासाने कडेची लांबी पावणेचारशे मीटर होते. आता पंधरा-वीस माणसे लागतील. चार तासांनी ती दीड किलोमीटर होते आणि आतले अठरा हेक्टर जंगल जळालेले असते. वेळ चौपट झाली तर जळालेले क्षेत्र सोळापट होते. वारा असला तर आग एका दिशेला लांबट पसरते, आणि चढावर तिचा वेग दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होतो. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी लागलेली आग माथ्यावरच्या आगीपेक्षा कितीतरी धोक्याची.

उपग्रह आहेत ना, असे कुणी म्हणेल. आहेत, आणि उपयोगीही आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना काढते आणि त्या मोबाइलवर मिळवण्यासाठी कुणालाही नोंदणी करता येते. पण या कामी महत्त्वाचा ठरणारा व्हिअर्स संवेदक घेऊन जाणारे उपग्रह एखाद्या जागेवरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, साधारण दीडच्या सुमारास जातात. तो जमिनीकडे 375 मीटरच्या चौकटींनी पाहतो. मधल्या वेळी जाणाऱ्या मोडिस संवेदकाची चौकट एक किलोमीटरची, म्हणजे आणखी ढोबळ. पहाटे चारला मोहाखाली लागलेली आग दुपारी दिसेपर्यंत वरच्या हिशेबातल्या चौथ्या तासाच्याही पलीकडे गेलेली असते. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांचा निरोप उपग्रहाकडून येणार नाही. तो वेचणाऱ्या बाईकडून, गुराख्याकडून, एसटीच्या चालकाकडून येईल.

निरोप कसा द्यावा यालाही पद्धत आहे. वनविभागाचा 1926 हा निःशुल्क क्रमांक आहे आणि गावाच्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर प्रत्येक घरात असायला हवा. ‘जंगलात आग लागली’ एवढे सांगून भागत नाही. कुठल्या नाल्यापाशी किंवा पाणवठ्याजवळ, कक्ष क्रमांक माहीत असेल तर तो, आग चढावर जाते आहे की उतारावर, वारा गावाकडे आहे का, आणि पोहोचायला वाट कुठून, हे पाच मुद्दे सांगितले तर येणाऱ्यांचा अर्धा तास वाचतो. आग विझली असे वाटल्यावरही कडेपासून काही मीटर आतपर्यंतचे धुमसणारे ओंडके फोडून, माती टाकून थंड करावे लागतात आणि एक माणूस रात्रभर थांबवावा लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पेटलेल्या कितीतरी आगी आदल्या दिवशी ‘विझलेल्या’ असतात.

मग लोक फोन का करत नाहीत? कारण सर्वांना ठाऊक आहे. राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम 79 नुसार जंगलात हक्क असलेल्या किंवा वनोपज नेणाऱ्या माणसाने आगीची खबर देणे आणि ती विझवण्यास मदत करणे बंधनकारक आहे. पण जो खबर देतो तोच त्या वेळी जंगलात असतो, म्हणून चौकशीची पहिली बोट त्याच्याकडे वळतात. पहाटे मोहाखाली असलेली बाई पदर खोचून घरी निघून जाते, फोन करत नाही. या भीतीने जेवढे जंगल जळते तेवढे ब्लोअरच्या अभावी जळत नसेल.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. जाळरेषेच्या कामाचा पैसा जानेवारीत संपवू नये, त्यातला एक ठराविक भाग मार्च-एप्रिलच्या फेरसफाईसाठी राखून ठेवावा आणि मजुरी गावातल्याच लोकांना द्यावी. मोहाखालचे वर्तुळ झाडणे हे वणवा प्रतिबंधाचे काम मानून त्याचीही मजुरी द्यावी. आणि खबर देणाऱ्याची चौकशी त्या हंगामात करू नये, तसे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने ग्रामसभेत उभे राहून सांगावे.

मजुरी दिली तर लोक ती मिळावी म्हणून आग लावतील, असा आक्षेप घेतला जातो. तो विझवण्याच्या मजुरीला लागू होईल, टाळण्याच्या मजुरीला नाही. पैसे झाडलेल्या वर्तुळाचे आणि मोकळ्या रेषेचे मिळणार असतील, आणि हंगामाअखेर न जळालेल्या कक्षासाठी ग्रामसभेला काही रक्कम मिळणार असेल, तर आग लावून गावाचेच नुकसान होईल. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत हे सर्वांत सोपे आहे, कारण तिथे जंगलाचा हिशेब आधीच ग्रामसभेकडे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडणेच थांबवले. तेंदूसाठी लागणाऱ्या आगी आणि झाडांची छाटणी त्यांना परवडत नव्हती. प्रत्येक गावाला हा मार्ग जमणार नाही, तेंदूचा पैसा अनेक घरांना मोलाचा असतो. पण निर्णय गावाने घेतला की वाटेवरचा पालापाचोळाही गावच झाडते.

काही आगी तरीही लागतील. जोराच्या वाऱ्यात ठिणगी बारा मीटरची रेषा ओलांडते, पेटलेला ओंडका उतारावरून पलीकडे गडगडतो. त्या दिवशी हातात उरते ती वेळेवर मिळालेली खबर. ती घाबरत न देता येईल अशी व्यवस्था जानेवारीतच करायला हवी.