समन्स पाळणाऱ्या साक्षीदाराचा पगार कापू नये, यासाठी निवेदन

प्रति,
मा. मंत्री, कामगार विभाग,
महाराष्ट्र शासन

द्वारा : मा. जिल्हाधिकारी, नागपूर

विषय : न्यायालयात साक्षीस हजर राहणाऱ्या कामगारास त्या दिवसाची भरपगारी रजा मिळण्याबाबत व मतदानाच्या सुट्टीच्या अंमलबजावणीबाबत.

महोदय,

मतदानाच्या दिवशी कामगाराला सुट्टी नाकारता येते का, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने १९९६ सालीच देऊन ठेवले आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये त्या वर्षी कलम १३५ (ब) घालण्यात आले. लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानादिवशी कोणत्याही व्यापारात, उद्योगात वा आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला सुट्टी द्यावी आणि तिच्यापोटी पगार कापू नये, असे ते सांगते. ज्याला एरवी अशा दिवसाचे पैसे मिळाले नसते, त्या रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. मालकाला नकार देण्याची एकच वाट ठेवली आहे : त्या कामगाराच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होणार असेल तर. १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी नागपुरात मतदान झाले, तेव्हा बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांपासून इतवारीतल्या दुकानांपर्यंत सर्वांना हाच नियम लागू होता.

आता याच कामगाराला साक्षीचे समन्स आले तर काय होते ते पाहावे. मत देणे न देणे त्याच्या मर्जीवर आहे, साक्षीला जाणे नाही. समन्स बजावूनही न्यायालयात हजर न राहिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकाने रजा दिली नाही, हे कारण त्याला वाचवेलच असे नाही; समन्सवर मालकाची परवानगी चालत नाही. पण न्यायालयाच्या हुकमाने गेलेल्या त्या दिवसाचा पगार मालकाने द्यावा, असे १३५ (ब) सारखे कलम साक्षीदारासाठी नाही. ऐच्छिक कर्तव्याला पगार आहे आणि सक्तीच्या कर्तव्याला खाडा आहे. या निवेदनाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

समजा, बुटीबोरीतल्या एका कंत्राटी कामगाराने वर्धा मार्गावरचा अपघात पाहिला आणि पोलिसांना जबाब दिला. खटला सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात उभा राहतो. पहिल्या तारखेला तो पाळी सोडून येतो, दुपारपर्यंत व्हरांड्यात बसतो आणि आरोपीचे वकील दुसऱ्या न्यायालयात अडकल्याने पुढची तारीख घेऊन परततो. दुसऱ्या तारखेला सरतपासणी होते, उलटतपासणी राहते. तिसऱ्या खेपेस तो मोकळा होतो. रोजी ५०० रुपये धरली तरी १,५०० रुपये बुडाले, बसभाडे वेगळे. साक्षीदार हजर असताना विशेष कारण नोंदवल्याशिवाय सुनावणी तहकूब करू नये, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४६ सांगते. तरी तारखा पडतात. त्याच खटल्यात साक्ष देणाऱ्या तपास अधिकाऱ्याचा तोच दिवस कर्तव्याचा म्हणून धरला जातो. पंचाचा मात्र नाही. झडतीच्या वेळी पोलीस रस्त्यावरून बोलावून आणतात ते पंच बहुधा पानटपरीवाले, हमाल, चौकीदार असतात, आणि काही वर्षांनंतर त्यांना समन्स येते तेव्हा एक दिवसाची कमाई हा त्यांच्यासाठी घरखर्चाचा प्रश्न असतो. पंच फितूर का होतात याची चर्चा वारंवार होते. त्यात या बुडालेल्या रोजीचाही हिशेब धरावा, ही आमची कळकळीची विनंती आहे. सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २००० सालच्या निकालात साक्षीदाराच्या याच हालांवर कठोर शब्दांत बोट ठेवले होते.

साक्षीदाराला भत्ता मिळतो, मग पगार कशाला, असे म्हटले जाईल. फौजदारी न्यायालय साक्षीदाराचा वाजवी खर्च शासनाकडून देण्याचा आदेश देऊ शकते, हे खरे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० मध्ये तशी तरतूद आहे. पण ते न्यायालयाच्या इच्छेवर आहे, आणि राज्याच्या नियमांच्या अधीन आहे. प्रवासाचा व जेवणाचा खर्च भागवणारा भत्ता आणि बुडालेली मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे म्हणणे असे की, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे वर्षाला आठ किरकोळ रजा आहेतच. पण त्या आजारपणासाठी, घरच्या अडचणीसाठी आहेत. न्यायालयाचा हुकूम पाळायला कामगाराने त्या का खर्च कराव्यात? शिवाय या अधिनियमातील रजेची तरतूद ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू नाही, त्यामुळे लहान दुकानातल्या नोकराला तोही आधार नाही.

मालकांची हरकत आम्ही हलकी समजत नाही. दोन नोकर असलेल्या दुकानदाराला एक जण दिवसभर नसणे जड जाते, आणि साक्षीच्या नावाखाली कोणी दांडी मारणार नाही याची त्याला खात्री हवी. दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे : न्यायालयाच्या लिपिकाने हजेरीचा दाखला, आल्या-गेल्याच्या वेळेसह, त्याच दिवशी द्यावा आणि दाखल्याशिवाय पगार मागता येऊ नये. पहिलीचे उत्तर खर्च वाटून घेण्यात आहे. आपल्याकडे ज्यूरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपली, पण ज्यूरी टिकवलेल्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने हा तिढा सोडवला आहे : ज्यूरर म्हणून पहिल्या तीन दिवसांचा पगार मालक देतो, त्यापुढे सरकार ठरावीक रक्कम देते. साक्षीदाराचे काम सहसा दोन-तीन तारखांत उरकते, म्हणून मालकावरचा बोजा फार वाढणार नाही. दहाहून कमी कामगार असलेल्या मालकाची भरपाई मात्र शासनाने करावी. स्वतःच्या दाव्यासाठी न्यायालयात जाणाऱ्या पक्षकाराला ही सवलत आम्ही मागत नाही. दिवाणी खटल्यात साक्षीदाराचा खर्च समन्स मागणाऱ्या पक्षकाराने जमा करावा लागतो. त्यात मजुरी धरली असेल तर तेवढी रक्कम मालकाने वजा करावी.

यासाठी केंद्राच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. दुकाने व आस्थापना अधिनियम राज्याचा आहे आणि कलम ३५० खाली नियम करण्याचा अधिकारही राज्याला आहे. म्हणून आमची मागणी अशी की, समन्सवर हजर राहिलेल्या कामगाराला, कंत्राटी व रोजंदारीवरच्या कामगारासह, भरपगारी रजा देणारी दुरुस्ती त्या अधिनियमात करावी व लहान आस्थापनांनाही ती लागू करावी. समन्स दाखवल्यावर रजा नाकारणे किंवा त्यावरून कामावरून काढणे हा दंडनीय भंग ठरवावा. आणि साक्षीदार भत्त्याचे नियम सुधारून बुडालेली मजुरी किमान वेतनाच्या दराने त्याच दिवशी न्यायालयात हातात द्यावी.

मतदानाबाबतही तीन उणिवा दूर व्हाव्यात. कलम १३५ (ब) महापालिका व जिल्हा परिषदांच्या निवडणुकांना लागू नाही, तिथे कामगाराला दर वेळी शासनाच्या परिपत्रकावर विसंबावे लागते. राज्याने ही सुट्टी आपल्या कायद्यात आणावी. शासनाच्या परिपत्रकाप्रमाणे पूर्ण सुट्टीऐवजी दोन-तीन तासांची सवलत देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अशी परवानगी मिळालेल्या आस्थापनांची यादी मतदानाआधी जिल्हाधिकारी कार्यालयात लावावी, म्हणजे परवानगी नसताना कामावर बोलावणारा मालक ओळखता येईल. सुट्टी न देणाऱ्या मालकाला केंद्रीय कायद्यात फक्त ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. तो वाढवण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

या मागण्यांवर कामगार व विधी विभागांची संयुक्त बैठक घ्यावी आणि दुरुस्तीचा मसुदा विधिमंडळाच्या नागपूर येथील येत्या हिवाळी अधिवेशनात मांडावा, ही विनंती.

आपले नम्र,
नागपुरातील कामगार व नागरिक

प्रत माहितीसाठी : मा. अपर कामगार आयुक्त, नागपूर