नफा साखरेचा की मळीचा?

शेअर बाजारातल्या साखर कंपन्या तिमाही निकालात विभागवार नफा व भांडवल छापतात. समजा, साखरेत ६०० कोटी गुंतले, नफा ३० कोटी, म्हणजे ५ टक्के. आसवनीत ३०० कोटींवर ६० कोटी, म्हणजे २० टक्के. मग आसवनीच कमावती? आम्ही म्हणतो, थांबा! आधी वार्षिक अहवालाच्या टिपांत मळीचा अंतर्गत दर कसा धरलाय ते बघा. १ लाख टन मळीला टनामागे २ हजार रुपये वाढवले की साखरेचा नफा ५० कोटी, आसवनीचा ४०. एकूण तेच ९०! उसाचा सारा खर्च साखरेच्या माथी मारून मळी स्वस्तात दिली, तर साखर दुबळी दिसणारच. शिवाय ३१ मार्चला गोदामे भरलेली, म्हणून साखरेचे भांडवल फुगलेले असते. सप्टेंबरअखेरचा आकडा शेजारी ठेवूनच मत बनवावे.