फेरफारात तिचं नाव का नाही?

इटियाडोहच्या पाण्यावर धान पिकवणारं एखादं गाव समजा. पहिली बायको माहेरी गेली, पंचांसमोर फारकत झाली, कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही. पुढं पंचवीस वर्षं दुसरी बाई त्याच बांधीत रोवणी करत राहिली. माणूस मेला की पहिल्या घरचे लोक तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज टाकतात. आणि आपल्यातलेच काही म्हणतात, "ती तर ठेवलेली होती." हा शब्द मनूच्या घरचा आहे. तो आमच्या तोंडी शोभत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि त्यात विधवा वारस आहे, सोबतीण नाही. (गोंड बांधवांना तो लागू नाही, तिथं रूढी पाहतात.) दीर्घ सहवासावरून लग्न गृहीत धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याबाबत मानलं. पण पहिलं लग्न कायम असेल तर या गृहीताचा उपयोग नाही. म्हणून खरा झगडा फारकतीचा आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) रूढीनं झालेला घटस्फोट मान्य करतं. मात्र ती रूढी आणि ती फारकत पुराव्यानं सिद्ध करावी लागते. पंचांचा कागद कुणी जपून ठेवला आहे का?

२००८ चा एक निकाल बघा. मध्य प्रदेशातला एक खाण कामगार वारला. दुसरीसोबत त्याला चार मुलं होती आणि नॉमिनी तीच होती. सर्वोच्च न्यायालयानं वारसा प्रमाणपत्र तिलाच दिलं. पण पैशाचे पाच वाटे झाले: चार मुलांचे चार, पहिल्या पत्नीचा एक. तिचा स्वतःचा वाटा शून्य! नॉमिनी म्हणजे पैसे घेऊन वारसांना पोचवणारी व्यक्ती, मालक नव्हे. मूलबाळ नसलेल्या बाईच्या हाती काय उरलं असतं?

पहिल्या बायकोशी आमचं भांडण नाही. तिलाही त्यानंच वाऱ्यावर सोडलेलं असतं. दोन बायांना एका सातबाऱ्यावर झुंजवून भाऊबंद मोकळे होतात, हे आम्हाला मान्य नाही. हिंदू कोड बिल अडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यांचं नाव घेणारा पुरुष साधं मृत्युपत्र लिहीत नाही, याचा जाब आम्ही विचारणारच.

स्वकष्टाच्या मिळकतीचं मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. त्याची सही आणि ती सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार तिच्या घरचे नसावेत. आणि माणूस गेलाच असेल, तर फेरफाराची नोटीस लागताच पंधरा दिवसांत तलाठ्याकडं लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. म्हणजे नोंद वादग्रस्त ठरते, महसूल अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. हरकत तोंडी सांगितली तरी तलाठ्यानं ती नोंदवून पोच द्यायची असते, पण लेखी असलेली बरी.