'नॅचरल' साबणानेही अंग खाजतं, ते का?

उमरखेडच्या बाजारात आता संत्र्याचा, लव्हेंडरचा, टी ट्रीचा साबण मिळतो. वेष्टनावर 'नॅचरल' लिहिलेलं असतं आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागतात. ज्या घरात लेकराला इसब आहे, त्या घरातली आई हाच साबण आणते, कारण साधा वासाचा साबण तिला भीतीचा वाटतो. माझ्या मते ही निवड उलटी आहे.

आपल्या नागपुरी संत्र्याचंच बघा. सालीतून जे तेल निघतं, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं. ताजं लिमोनिन फारसं त्रास देत नाही. पण बाटलीचं झाकण उघडलं, हवा लागली, महिने गेले की ते बदलतं, आणि बदललेला पदार्थ त्वचेला ॲलर्जी लावू शकतो. लव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तसंच. गवती चहाच्या तेलातलं सिट्रल तर ताजं असतानाही काहींना सोसत नाही. चहात दोन पात्या उकळणं वेगळं आणि काढलेलं दाट तेल अंगाला चोळणं वेगळं. कारखान्यातला सुगंध असो की झाडाचा, त्वचेला रेणू तोच भेटतो.

मग 'अनसेंटेड' घ्यावं का? या शब्दाचा अर्थ वास येत नाही, एवढाच. साबणातल्या चरबीचा मूळ वास झाकायला त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' म्हणजे वासासाठी सुगंध घातलेला नाही. हा शब्द बरा, पण कधी कधी त्यातही 'गुणकारी' म्हणून झाडाचं तेल असतं. म्हणून पुढचं मोठं अक्षर सोडा आणि शाळेत जाणाऱ्या पोराकडून मागची बारीक यादी वाचून घ्या. 'परफ्युम', 'पार्फम', 'फ्रॅग्रन्स', कुठलंही 'इसेन्शियल ऑइल', लिमोनिन, लिनालूल, सिट्रल, जिरॅनिऑल, युजेनॉल यांपैकी काही दिसलं तर इसबाच्या अंगाला ते नको. युजेनॉल म्हणजे आपल्या लवंगेतलंच.

युरोपात असे २६ पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असले तर नावानिशी छापणं २००५ पासून सक्तीचं आहे. २०२३ मध्ये ती यादी आणखी वाढवली. आपल्याकडे बहुतेक वेष्टनांवर 'परफ्युम' या एकाच शब्दामागे सगळं दडतं. आपल्या सरकारनेही ती नावं छापायला लावली पाहिजेत. नाव कळल्याशिवाय माणूस टाळणार काय?

नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. एका दिवसात निकाल लागत नाही. लावताच चुरचुरलं तर ती जळजळ, पण ॲलर्जीचं पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठतं, त्यामुळे दोष भलत्याच गोष्टीला जातो. एकदा ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते.

ज्यांना काहीच होत नाही, त्यांनी खुशाल संत्र्याचा साबण वापरावा. ज्यांना होतं, त्यांच्यासाठी सुगंध नसलेली साधी पेट्रोलियम जेली आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावणं स्वस्तही पडतं. तरी पुरळ हटलं नाही, तर वापरातल्या सगळ्या वस्तू वेष्टनासकट पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.