विश्लेषण : सहा जणांच्या स्टार्टअपने मायक्रोसर्व्हिसेसच्या वाटेला जावे का?

मार्च २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधील एका टीमने लिहिलेल्या तांत्रिक लेखाची सॉफ्टवेअर जगतात बरीच चर्चा झाली. प्रेक्षकांपर्यंत जाणाऱ्या व्हिडिओत चित्र गोठते का, आवाज मागे-पुढे होतो का, यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा या टीमने आधी अनेक सुट्या तुकड्यांत बांधली होती. नंतर हे तुकडे एकाच प्रोग्रॅममध्ये एकत्र केल्यावर खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला, असे या टीमने सांगितले. हा बदल एका यंत्रणेपुरता होता, संपूर्ण प्राइम व्हिडिओचा नव्हता. पण त्यामुळे एक जुना वाद पुन्हा पेटला : मोनोलिथ की मायक्रोसर्व्हिसेस? पहिलेच उत्पादन बांधणाऱ्या छोट्या टीमसाठी या वादाचा अर्थ काय, हे समजून घेऊ.

मोनोलिथ आणि मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे काय?

मोनोलिथमध्ये लॉगिन, ऑर्डर, पैसे, नोटिफिकेशन असा सगळा कोड एकाच प्रोग्रॅममध्ये असतो. तो एकत्र तपासला जातो, एकत्र सर्व्हरवर चढवला जातो आणि बहुतेक वेळा एकच डेटाबेस वापरतो. मायक्रोसर्व्हिसेसमध्ये यातले प्रत्येक काम वेगळा प्रोग्रॅम करतो. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा असतो आणि ते नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतात.

दुसरी पद्धत मोठ्या कंपन्यांच्या गरजेतून रुजली. नेटफ्लिक्सचे उदाहरण नेहमी दिले जाते. ऑगस्ट २००८ मध्ये कंपनीचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने क्लाउडकडे आणि सुट्या सेवांकडे वाटचाल सुरू केली. हे स्थलांतर पूर्ण व्हायला २०१६ उजाडले. म्हणजे नेटफ्लिक्सकडे आधी चालता धंदा होता, मोठा ग्राहकवर्ग होता आणि शेकडो इंजिनीअर होते. सहा जणांच्या टीमकडे यातले काहीच नसते.

छोट्या टीमला नेमकी अडचण कुठे येते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यात सहा जण मिळून घरगुती डब्यांचे अ‍ॅप बनवत आहेत. दोघे मोबाइल अ‍ॅप पाहतात, दोघे सर्व्हरचा कोड लिहितात, एक जण डिझाइन आणि एक जण स्वयंपाकघरांशी बोलणी करतो. ग्राहक अ‍ॅपमधील वॉलेटमध्ये आधी पैसे भरून ठेवतो. एका स्वयंपाकघरात उद्यासाठी एकच डबा शिल्लक आहे आणि दोन ग्राहकांनी एकाच क्षणी ‘ऑर्डर करा’ हे बटण दाबले.

इथे तीन गोष्टी एकत्र व्हायला हव्यात : शिल्लक डबा कमी होणे, वॉलेटमधून १२० रुपये वजा होणे आणि ऑर्डरची नोंद होणे. तिन्ही झाल्या पाहिजेत, नाहीतर एकही नाही. मोनोलिथमध्ये हे काम डेटाबेसच करतो :

```sql
BEGIN;
UPDATE kitchen SET dabbe = dabbe - 1
  WHERE id = 7 AND dabbe > 0;
UPDATE wallet SET balance = balance - 120
  WHERE user_id = 31 AND balance >= 120;
INSERT INTO orders (kitchen_id, user_id, amount)
  VALUES (7, 31, 120);
COMMIT;
```

दोनपैकी कोणत्याही `UPDATE`ने एकही ओळ बदलली नाही, तर प्रोग्रॅम `COMMIT`ऐवजी `ROLLBACK` करतो आणि सगळे पूर्ववत होते. दुसऱ्या ग्राहकाला ‘डबे संपले’ असा संदेश जातो. मध्येच वीज गेली किंवा सर्व्हर बंद पडला, तरी अर्धवट काही उरत नाही. सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्याचे हे काही तासांचे काम आहे.

आता हेच तीन सेवांत वाटून पाहू. ऑर्डर सेवा आधी स्वयंपाकघर सेवेला विचारते आणि डबा राखून ठेवते. मग वॉलेट सेवेला १२० रुपये वजा करायला सांगते. वॉलेट सेवेकडून पाच सेकंद उत्तरच येत नाही. पैसे वजा झाले आणि फक्त उत्तर वाटेत हरवले? की विनंती पोहोचलीच नाही? ऑर्डर सेवेला हे कळायला मार्ग नाही. विनंती पुन्हा पाठवली तर ग्राहकाचे पैसे दोनदा जाऊ शकतात. नाही पाठवली तर डबा अडकून पडतो.

यावर उपाय आहेत. प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर वॉलेट सेवा ती ओळखेल. प्रत्येक पायरीसाठी उलटी पायरी लिहायची : पैसे वजा झाले नाहीत तर डबा परत जमा. या पद्धतीला ‘सागा’ म्हणतात. उलटी पायरी चालू असतानाच सर्व्हर पडला तर काय, यासाठी संदेशांची रांग ठेवायची. त्याउपर रोज रात्री तिन्ही डेटाबेसचा ताळमेळ लावणारा प्रोग्रॅम चालवायचा. हे सगळे शक्य आहे, पण सर्व्हरवर दोनच माणसे असतील तर त्यांचे कित्येक आठवडे यात जातात. ग्राहकाला मात्र अ‍ॅपमध्ये नवे काहीच दिसत नाही.

मोनोलिथमध्येही एक मर्यादा आहे. वॉलेट भरताना यूपीआय किंवा कार्डाचा व्यवहार बाहेरच्या पेमेंट कंपनीकडे होतो आणि तो आपल्या डेटाबेसच्या `COMMIT`मध्ये बसत नाही. तिथे विनंतीचा क्रमांक आणि ताळमेळ लागतोच. फरक इतकाच की ही डोकेदुखी एका ठिकाणी असते, प्रत्येक ऑर्डरच्या प्रत्येक पायरीवर नसते.

पण सेवा सुट्या केल्या तर एक पडली तरी बाकीच्या चालतात ना?

हा मायक्रोसर्व्हिसेसच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत लोकप्रिय मुद्दा आहे. तो एका अटीवर खरा आहे : सेवा एकमेकींच्या उत्तराची वाट पाहत नसाव्यात.

डब्याची ऑर्डर पूर्ण व्हायला पाच सेवा एकामागोमाग लागतात आणि प्रत्येक सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असते, असे धरू. एका सेवेचा ०.१ टक्का बंद वेळ म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटे. पाचही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण ९९.५ टक्क्यांवर येते, म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून अधिक काळ ऑर्डर घेता येत नाही. सुटे केल्याने भरवसा वाढण्याऐवजी घटला. नोटिफिकेशन किंवा साप्ताहिक अहवाल यांसारखी कामे उशिरा झाली तरी चालतात. अशाच कामांना वेगळे केल्याचा फायदा होतो.

प्रत्यक्षात कुणाला हा अनुभव आला आहे का?

छोट्या टीमसाठी प्राइम व्हिडिओपेक्षा सेगमेंट या अमेरिकी कंपनीचा अनुभव जास्त बोलका आहे. ग्राहकांची माहिती गोळा करून ती वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना पोहोचवणे हे तिचे काम. सुरुवातीला सगळी माहिती एकाच रांगेतून जायची. एखादे सॉफ्टवेअर मंदावले की त्याच्यामुळे सगळ्यांचीच माहिती तुंबायची. म्हणून कंपनीने प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळी रांग आणि वेगळी सेवा केली. कारण रास्त होते आणि तुंबणे थांबलेही.

पुढे सेवांची संख्या १४० च्या वर गेली. सगळ्यांना लागणारा सामाईक कोड बदलला की तो १४० ठिकाणी तपासून चढवावा लागे. घाईत काही सेवांमध्येच बदल केला जाई आणि हळूहळू प्रत्येक सेवेत त्या कोडची वेगळी आवृत्ती चालू राहिली. काही सेवांवर दिवसाला मोजकीच माहिती यायची, तर काहींवर सेकंदाला हजारो नोंदी. अचानक भार वाढला की कुणाला तरी उठून सर्व्हर वाढवावे लागत. शेवटी तीन पूर्णवेळ इंजिनीअर बहुतांश वेळ फक्त हा पसारा जिवंत ठेवण्यात घालवत होते.

कंपनीने सगळ्या सेवा पुन्हा एका प्रोग्रॅममध्ये आणल्या आणि २०१८ मध्ये हा अनुभव जाहीरपणे मांडला. सुट्या सेवांच्या काळात वर्षभरात सामाईक कोडमध्ये ३२ सुधारणा झाल्या होत्या, एकत्र केल्यावर त्या ४६ झाल्या. याची किंमतही कंपनीने लपवली नाही : आता एका भागातील चूक पूर्ण प्रोग्रॅम पाडू शकते.

मग मोनोलिथचा गुंता होऊ नये म्हणून काय करावे?

मोनोलिथ बिघडतो तो आतल्या भिंती नसल्यामुळे. ऑर्डरचा कोड थेट वॉलेटच्या टेबलमध्ये लिहू लागला, अहवालाचा कोड सगळीकडून वाचू लागला की वर्षभरात कशालाही हात लावायची भीती वाटते. यावर उपाय म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये स्पष्ट कप्पे करणे. `orders`, `wallet`, `kitchen` असे वेगळे फोल्डर ठेवायचे. एका फोल्डरने दुसऱ्याच्या टेबलला हात लावायचा नाही, त्याने देऊ केलेले फंक्शनच बोलावायचे. वरच्या उदाहरणातील तिन्ही बदल तीन कप्प्यांची तीन फंक्शन करतात, पण ती एकाच व्यवहारात चालतात. हा नियम तोंडी ठेवला तर घाईत मोडतो, म्हणून कोड चढवण्याआधीच्या तपासणीत तो यंत्राकडून तपासून घ्यावा लागतो. ऑनलाइन दुकानांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या शॉपिफायने आपल्या प्रचंड मोनोलिथसाठी हाच मार्ग घेतला आणि त्यासाठी पॅकवर्क नावाचे साधनही खुले केले.

वेगळी सेवा काढायची वेळ कधी येते?

अ‍ॅप मंद झाले, हे एकटे कारण पुरेसे नाही. बहुतेक वेळा दोष डेटाबेसच्या एखाद्या संथ प्रश्नात असतो. कोड दोन सर्व्हरवर विभागला तरी तो प्रश्न तितकाच संथ राहतो. आधी डेटाबेसची संथ प्रश्नांची नोंद पाहावी. जड काम असेल, उदाहरणार्थ हजार बिलांच्या पीडीएफ, तर तोच कोड पार्श्वभूमीवर वेगळी प्रक्रिया म्हणून चालवावा. त्यासाठी वेगळा डेटाबेस किंवा वेगळी सेवा लागत नाही.

खरी कारणे साधारण दोन. एका कप्प्याची यंत्राची गरजच वेगळी आहे, जसे व्हिडिओवर प्रक्रिया करणे. किंवा माणसे इतकी वाढली आहेत की एका टीमचा बदल दुसरीच्या बदलासाठी रोज अडून राहतो. सहा जणांत दुसरे कारण क्वचितच उद्भवते.

फाळणी चुकली आहे, हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. ग्राहकाला दिसणारा एक छोटा बदल करायला तीन सेवा एकाच दिवशी, ठरावीक क्रमाने चढवाव्या लागत असतील, तर तो मोनोलिथच आहे, फक्त मध्ये नेटवर्क आले आहे. कप्पे आधीच नीट असतील तर एखादा कप्पा पुढे बाहेर काढणे तुलनेने सोपे जाते. याउलट चुकीच्या रेषेवर तोडलेल्या सेवा पुन्हा जोडायच्या, तर दोन डेटाबेसमधील चालू नोंदी ग्राहकांच्या ऑर्डर न थांबवता एकत्र कराव्या लागतात. पहिल्या उत्पादनात या रेषा दर काही महिन्यांनी बदलतात. डब्यांचे अ‍ॅप उद्या मासिक मेसकडे वळू शकते, आणि तेव्हा ऑर्डर म्हणजे काय याचीच व्याख्या बदलते. मोनोलिथमध्ये तो बदल दोन फोल्डरपुरता असतो.